माझा नंबर सेव्ह करणाऱ्या बायका

आधीच सांगून टाकते, मी जळकी बाई आहे. घरात हे सगळ्यांना माहीत आहे, फक्त तोंडावर कुणी म्हणत नाही. शेजारणीच्या तुळशीला जास्त मंजिऱ्या आल्या तरी मला खपत नाही. तेव्हा धाकट्या जावेबद्दल मी जे सांगणार आहे, त्यातलं निम्मं माझ्या स्वभावाच्या खाती धरा. उरलेलं मात्र खरं आहे.

आम्ही हर्सूलला राहतो, तलावाकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आत. खाली आम्ही, वर दीर-जाऊ. चौदा वर्षांपासून मी घरून उटणं, केसाचं तेल आणि काजळ विकते. सुरुवात झाली ती दिवाळीला जास्तीचं उटणं झालं म्हणून. शेजारणींना पुड्या बांधून दिल्या, त्यांनी पुन्हा मागितल्या, आणि मग ते वाढतच गेलं. सामान गुलमंडीतल्या एकाच दुकानातून आणायचं, आंबेहळद, नागरमोथा, गव्हला-कचोरा, संत्र्याची साल. तेलात जास्वंद आणि माका. काजळ तुपाच्या दिव्यावर धरायचं, त्याला बैठक लागते, धाकटीसारख्या चटपटीत बाईचं ते काम नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी, बायकांची भांडी-धुणी आवरली की मी पिशवी घेऊन निघायची. कुणाच्या कातडीला हळद सोसत नाही, कुणाचे केस बाळंतपणानंतर गळाले, सगळं माझ्या डोक्यात. मी त्यांना ‘माझ्या बायका’ म्हणायची. नवरा हसायचा. हसू दे. त्याच्या कंपनीत त्याला ‘माझं’ म्हणावं असं एक स्टूलसुद्धा नाही.

धाकटी आली ती देवगाव रंगारीची. शेतकऱ्याची पोरगी, पण बी.कॉम. शिकलेली. बोलायला गोड. कडेवर वर्षाची लेक. आल्यापासून दोन वर्षांत गल्लीतल्या निम्म्या घरांचं लाइटबिल तिच्या फोनवरून भरलं जायला लागलं. कुणाचा गॅसचा नंबर लावून दे, कुणाच्या पोराच्या ॲडमिशनचा फॉर्म भर. पैसे घेत नाही, चहा घेते. बायका जिन्यात उभ्या राहून तिला हाका मारायच्या आणि माझ्या दारावरून वर जायच्या. जाता जाता मला म्हणायच्या, “बऱ्या आहात ना ताई?” बरी आहे की. मला काय धाड भरली आहे!

गणपती उठल्यावर एका दुपारी ती खाली आली. मी पिशवी भरत होते. म्हणाली, “ताई, इतकं उन्हातान्हात फिरता. व्हॉट्सॲपचं बिझनेसवालं घेऊ या ना. कॅटलॉग करू, म्हणजे फोटोसकट सगळा माल बायकांना फोनवरच दिसतो. आणि ब्रॉडकास्ट लिस्ट करू. दिवाळीच्या आधी एक मेसेज टाकला की सगळ्यांना एकदम.”

“ग्रुपसारखं?”

“नाय नाय. ग्रुपमधी सगळ्या एकमेकींना दिसतात. ह्याच्यात नाय दिसत. प्रत्येकीला वाटतं तुम्ही तिलाच मेसेज केलाय. उत्तर दिलं तर ते फक्त तुम्हालाच येतं.”

हे मला आवडलं, खोटं कशाला बोलू. माझ्या बायका एकमेकींच्या दृष्टीस पडाव्यात असं मला कधीच वाटलं नाही. मी हो म्हणाले. पण एक अट घातली. फोन माझ्या हातात राहील. तू सांगायचं, मी दाबायचं. ती म्हणाली, “बरं ताई.” तिच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही. तिच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नाही, त्याचाही मला राग येतो.

नंबर माझा जुनाच ठेवायचा ठरलं. ती म्हणाली, जुने सगळे मेसेज त्या ॲपमध्ये येतील, काळजी करू नका. सहा आकड्यांचा कोड आला तेव्हा मी तो हाताच्या ओंजळीत झाकून टाकला. तिनं तोंड फिरवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग धंद्याचं नाव विचारलं. तिनं दोन-तीन सुचवली, छान होती, फुलांची वगैरे. मी माझं स्वतःचं नाव टाकलं. चौदा वर्षं उन्हात मी फिरले, फुलं नाही फिरली.

कॅटलॉगला तीन दुपारी गेल्या. एकेका वस्तूचा फोटो, नाव, किंमत आणि खाली दोन ओळी माहिती. किमतीपाशी मी अडले. मी माणूस बघून भाव सांगते. शाळेतल्या बाईंना एक, पलीकडच्या विधवा मावशीला एक. इथं तर सगळ्यांना एकच दिसणार. धाकटी म्हणाली, किंमत रिकामी ठेवली तरी चालतं, बायका मेसेज करून विचारतील. म्हणून ती रिकामी ठेवली. माहितीत काय लिहू म्हटल्यावर ती म्हणाली, “त्यात काय काय आहे ते लिहा.” मी हळद आणि संत्र्याची साल लिहिली आणि बाकीचं गिळून टाकलं. तिनंही खोदून विचारलं नाही.

फोटो गच्चीवर काढले, पांढऱ्या ओढणीवर. उटण्याची डबी, तेलाची बाटली, ठीक आले. काजळाची डबी मात्र नुसती काळी दिसायची, बुटाच्या पॉलिशसारखी. धाकटी म्हणाली, “डोळ्यात घातलेलं दाखवू या.” मी म्हटलं, घाल. तिनं घातलं. मी फोन धरला, आणि काय सांगू, असा फोटो आला की मीच दोन मिनिटं बघत राहिले. लांब पापण्या, त्यात माझं काजळ. माझ्या डोळ्यांखाली पन्नाशीच्या पिशव्या लोंबतात. मी तोच फोटो टाकला, कारण माल खपायला हवा होता. दोन्ही गोष्टी एकदम होत्या माझ्यात, धंदा आणि जळफळाट. वस्तू टाकल्या की लगेच लोकांना दिसत नाहीत, थोडा वेळ तपासणीत राहतात. तेवढ्या वेळात मी तो फोटो चार वेळा काढायला निघाले आणि चार वेळा हात मागं घेतला.

मग ब्रॉडकास्टची यादी. एका यादीत दोनशे छप्पन्न माणसं बसतात म्हणाली. माझ्या बायका भरल्या एकशे सत्त्याऐंशी. एकेकीच्या नावापुढं मीच खूण केली, आणि खरंच सांगते, माळ जपल्यासारखं वाटलं. हिनं लेकीच्या लग्नात दोन किलो उटणं नेलं होतं. ही हडको कॉलनीतली, हिच्या नवऱ्याला माझ्या तेलाचा वास आवडत नाही म्हणून ती रविवारी लावते. एकशे सत्त्याऐंशी! धाकटीला मी दोनदा आकडा ऐकवला.

“लई आहेत ताई,” ती म्हणाली.

“मग? चौदा वर्षं झक मारली नाही मी.”

नवरात्राच्या आधीच्या शुक्रवारी, दुपारी दीडला, मी मेसेज पाठवला. दिवाळीचं उटणं तयार होत आहे, कॅटलॉग बघा, मागणी आधी सांगा. खाली कॅटलॉगची लिंक. पाठवला आणि फोन मांडीवर घेऊन बसले. धाकटी समोर शेंगा सोलत होती. दहा मिनिटांत चार जणींची उत्तरं आली. त्यातलं एक म्हणजे नुसते जोडलेले हात. दुसरीनं विचारलं, ‘डोळे कुणाचे आहेत, किती सुंदर.’ मी ते धाकटीला वाचून दाखवलं नाही.

अर्धा तास गेला. काही नाही. धाकटी म्हणाली, मेसेजवर बोट दाबून धरा, वर तीन टिंबं येतात, त्यात इन्फो. तिथं कुणाकुणाला पोहोचला ते दिसतं. मी दाबलं. वाचलेल्या आणि पोहोचलेल्या मिळून एक्केचाळीस. खाली लिहिलेलं, बाकी एकशे शेहेचाळीस.

“नेट नसेल त्यांच्याकडं,” मी म्हटलं.

ती शेंगा सोलायची थांबली. “तसं नाय ताई. ब्रॉडकास्टचं एक असतं. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला असतो ना, त्यांनाच तो मेसेज जातो. बाकीच्यांना जात नाय. मी सांगायला पाहिजे होतं आधी. मला वाटलं, तुमचा तर सगळ्यांकडं असणारच.”

तुम्हाला कधी कुणी भर बाजारात हटकून विचारलं आहे का, की बाई तुम्ही कोण? तसं झालं मला. एकशे शेहेचाळीस बायकांनी माझा नंबर ठेवला नव्हता. ज्यांच्या बाळंतपणात मी तेल पोहोचवलं त्यांनी. त्या हडकोवालीनं. मावशीनं. माझ्याकडं सगळ्यांचे होते, नावासकट, गल्लीसकट. आणि हे मला कुणासमोर कळावं, तर धाकटीसमोर. मी म्हटलं, “तुझं काहीतरी चुकलं असेल.” ती म्हणाली, “असेल ताई,” आणि टरफलं गोळा करून वर गेली.

त्या आठवड्यात मी मंगळवार-शुक्रवार पाळला नाही. रोज निघाले. पिशवीत माल कमी आणि तोंडात एकच वाक्य, “माझा नंबर सेव्ह कर बरं आत्ताच्या आत्ता, माझ्यासमोर.” बायका हसायच्या. “ताई, तुम्ही तर येताच की दारात. नंबर कशाला लागतोय?” त्यांचं खोटं नव्हतं. मी जायची म्हणून त्यांना मला बोलवायची वेळच आली नाही. पण हे समजून घेण्याइतकी मी त्या दिवसांत शहाणी नव्हते. मी उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या फोनमध्ये डोकं घालायची. तेव्हा दिसलं, काहींनी ठेवला होता, पण कसा! एकीकडं ‘तेल’. एकीकडं ‘उटणं हर्सूल’. ठीक आहे, कामाचं नाव ठेवलं. पण शाळेच्या मागं राहणारी एक आहे, माझ्याकडून सात वर्षं माल घेणारी, तिच्या फोनमध्ये मी होते धाकटीच्या लेकीच्या नावानं. लेकीचं नाव, मग ‘मम्मी’, आणि पुढं ‘जाऊ’. मी, चौदा वर्षांची धंदेवाली, दोन वर्षांच्या सुनेच्या पोरीच्या आईची जाऊ!

“हे काय गं?” मी म्हटलं.

“काय करू ताई, तुमचा नंबर तिनंच दिला होता ना मला. म्हणून पटकन सापडावं म्हणून तसं टाकलं.”

“आधी नव्हता तुझ्याकडं?”

“आधी कशाला लागत होता?”

तिथून घरापर्यंत चालत येताना माझ्या अंगाची नुसती लाही लाही होत होती. मनात एकच. ह्या बायका माझ्या का तिच्या? त्यांना माल माझा लागतो, हे मला माहीत होतं. पण माणूस म्हणून त्यांच्या लक्षात कोण आहे? तेवढंच मला हवं होतं. पैसा चार रुपये कमी आला असता तरी चाललं असतं. देवाशपथ सांगते.

आठवडाभर पायपीट करून एक्केचाळीसच्या सत्तावन्न झाल्या. दिवाळी महिन्यावर आली होती. सामान आणून ठेवलेलं, साल वाळलेली, आणि गिऱ्हाइकाला खबरच नाही. एका दुपारी धाकटी आली, दारातच उभी राहिली.

“ताई, एक बोलू का? रागवू नका. मी माझ्या नंबरवरून टाकू का एक मेसेज? गल्लीतल्या, लाइटबिलवाल्या, ज्यांचे फॉर्म भरले त्या. तुमच्या कॅटलॉगची लिंक टाकते आणि लिहिते, ह्या आमच्या ताई, ह्यांचा हा नंबर सेव्ह करून ठेवा, दिवाळीचं उटणं ह्यांच्याकडूनच घ्या. साध्या व्हॉट्सॲपवरून पण ब्रॉडकास्ट जातो.”

नाही म्हणावं तर माल पडून राहतो. हो म्हणावं तर माझ्याच गिऱ्हाइकांना माझी ओळख ती करून देणार. “टाक,” मी म्हटलं. “टाकायचा तर टाक बाई.”

ती माझ्याशेजारी खाटेवर बसली आणि यादी करायला लागली. बासष्ट जणी झाल्या. झरझर. मग म्हणाली, “त्रेसष्टाव्या तुम्ही. तुम्हाला पण घालते, म्हणजे बायकांकडं कसा दिसतो ते तुम्हाला तुमच्या फोनवर बघता येईल.” आणि तिनं माझ्या नावापुढं खूण केली. तिच्या फोनमध्ये माझं नाव कसं होतं ते मी तेव्हा पाहिलं. ‘ताई घर’. बस, एवढंच.

तिनं पाठवला.

तिच्या फोनवर लगेच टिंग टिंग व्हायला लागलं. ‘हो का, लिंक बघते.’ ‘ताईंना सांग दोन डब्या.’ ‘केला सेव्ह.’ ती एकेक वाचून दाखवत होती, खूश होऊन, खरंच खूश होऊन. माझा फोन आमच्या दोघींच्या मध्ये चादरीवर पडला होता. तो गप्प होता. मग मला आठवलं.

उन्हाळ्यात फर्दापूरला नवऱ्याच्या मामेबहिणीचं लग्न होतं. नवरीला काजळ मी घालायचं असं ठरलेलं होतं, डबी मीच नेली होती. पण माझा हात जरा थरथरतो हल्ली, तर नवरीच म्हणाली, धाकट्या वहिनींना घालू द्या. तिनं घातलं. मग तिनंच साडी नेसवली, तिनंच अंबाडा घातला, आणि साऱ्या मांडवानं तिला डोक्यावर घेतलं. धाकटीनं सगळ्यांना सांगितलं होतं की काजळ ताईंचं आहे. कुणाच्या लक्षात राहिलं नाही. परतीच्या जीपमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. आणि मी, तिचं डोकं खांद्यावर असताना, माझ्या फोनमधून तिचा नंबर काढून टाकला. भांडण नव्हतं, काही नव्हतं. हात शिवशिवत होते, दुसरं काही तोडता येण्यासारखं नव्हतं. एका घरात राहतो, जिन्यातून हाक मारली की ऐकू जाते, म्हणून नंतर कधी अडलंही नाही.

“तुम्हाला नाय आला का?” ती म्हणाली.

“नेट गेलं असेल.”

तिनं माझ्या फोनकडं पाहिलं. वर नेटच्या कांड्या पूर्ण होत्या. तेवढ्यात मला एका बाईचा मेसेज आलाही, ‘ताई, एक तेल ठेवा.’ तो आला, टिंग करून. धाकटीनं तिच्या मेसेजवर बोट दाबून धरलं, इन्फो उघडला, आणि पोहोचलेल्यांची नावं बोटानं खालपर्यंत सरकवत नेली. मी बघत होते. बोलता आलं असतं. अगं, चुकून गेला असेल, फोन बदलला तेव्हा उडाला असेल, हजार गोष्टी होत्या. खाली बाकीच्या होत्या फक्त चार. साठावर बायकांच्या यादीत तिला न ठेवणाऱ्या चार, आणि त्यातली एक तिच्याशेजारी खाटेवर.

मग तिनं मला वेगळा, एकटीला, मेसेज पाठवला. नुसतं ‘ताई’. असा सरळ एकटीला केलेला मेसेज नंबर सेव्ह नसला तरी येतो. आला. माझ्या फोनच्या काचेवर तिचा नंबर उमटला, नुसते दहा आकडे, नाव नाही. ती ते आकडे वाचत राहिली, स्वतःचाच नंबर पहिल्यांदा बघितल्यासारखी.

“बरं,” ती म्हणाली. उठली, ओढणी झटकली. “बायकांची उत्तरं आली की मी त्यांना तुमच्या नंबरवर पाठवत जाईन. एकेक.”

“अगं थांब, चहा टाकते.”

“नको ताई, वर दूध ठेवलंय.”

वर दूध नव्हतं. दीर दूध सहाला आणतो, मला माहीत आहे. मी खाली बसून राहिले आणि त्या दहा आकड्यांवर बोट ठेवून, तिनंच शिकवल्याप्रमाणं तीन टिंबं दाबून, तिचं नाव घातलं. पूर्ण नाव. मग वर जायचं धाडस झालं नाही.

तिनं शब्द पाळला. तिच्या बायकांपैकी जिनं जिनं मागणी दिली, तिला तिनं माझ्या नंबरवर पाठवलं. सगळ्यांनी माझा नंबर सेव्ह केला, कारण तिनं सांगितलं होतं. दसऱ्यानंतर मी पुन्हा मेसेज टाकला, तेव्हा एकशे अकरा जणींना पोहोचला. दिवाळीच्या आधी उटणं दोनदा कुटावं लागलं. घरातल्या कामात तिनं काही कमी केलं नाही. भाजी आणली तर विचारायची, जिन्यात भेटली तर हसायची. कॅटलॉगमध्ये नवी वस्तू टाकायची असली की मी हाक मारायची आणि ती वरूनच सांगायची, टूल्समध्ये जा ताई, कॅटलॉग, खाली नवीन वस्तू. खाली यायची नाही. मी मनात म्हटलं, जाईल राग. आणि मी तर आता तिचा नंबर ठेवला आहे. तिचा पुढचा मेसेज आला की मी सगळ्यांच्या आधी उत्तर देईन, मोठं, चांगलं, असंही ठरवून ठेवलं होतं.

पाडव्याच्या दिवशी सकाळी शाळेच्या मागची ती बाई फराळाचं ताट घेऊन आली. दारातच म्हणाली, “काय सुंदर मेसेज टाकला हो तुमच्या धाकटीनं! पोरीचा फोटो, दिव्यांचा, आणि चार ओळी स्वतः लिहिलेल्या. मला तर वाटलं खास मलाच पाठवलाय. पण तिकडं गेले तर सगळ्यांनाच आलेला. तुम्हाला तर आधी आला असेल.”

“व्हय,” मी म्हटलं. “आला की.”

ती गेल्यावर मी फोन घेतला. नेट होतं. तिचं नाव माझ्या फोनमध्ये होतं, बरोबर, पूर्ण. तिच्या नावावर बोट ठेवलं, तर शेवटचा मेसेज तोच, त्या दुपारचा, ‘ताई’. खाली काही नाही. आपण कुणाच्या यादीत आहोत का नाही, हे आपल्याला इकडून बघता येत नाही. ते फक्त पाठवणाऱ्याला दिसतं. पण मला बघायची गरज नव्हती. गल्लीतल्या प्रत्येक बाईला तो मेसेज आला होता, ज्यांनी फक्त बिल भरायला तिला हाक मारली त्यांनासुद्धा, आणि वर जिन्यात तिचा आवाज येत होता, कुणाला तरी दिवाळीच्या शुभेच्छा देत होती, आणि ती जी कोण होती तिचा मला इतका हेवा वाटला, इतका, की ताटातला लाडू हातात घेऊन मी तशीच उभी राहिले.